काट्यावरचे पंचेचाळीस मिली : एका गावच्या दूध संस्थेच्या बोनसचा हिशेब

प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका प्राथमिक सहकारी दूध संस्थेचं आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत आणि आकडे थोडे गोल केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी नातं तसंच ठेवलं आहे. संस्थेच्या अध्यक्षांनी मला जून महिन्यात बोलावलं होतं. वैधानिक लेखापरीक्षक वेगळे होते. माझं काम एवढंच होतं की वार्षिक सभेआधी 2022-23 ची पत्रकं लावायची आणि दिवाळीला किती बोनस देता येईल ते सांगायचं.

## पार्श्वभूमी

संस्थेला नियमित दूध घालणारे सभासद 186. सकाळ-संध्याकाळ मिळून वर्षाकाठी 1,27,400 खेपा झाल्या आणि 3,18,500 लिटर दूध जमा झालं. म्हणजे एका खेपेला सरासरी अडीच लिटर. दहा-पंधरा लिटर घालणारी घरं बोटांवर मोजण्याएवढी, बाकी एक म्हैस किंवा एक गाय असलेलीच जास्त.

सभासदाचं दूध आधी काट्यावर चढतं, मग नमुना काढून फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, पाहतात, आणि दरपत्रकाप्रमाणे पावती निघते. दर दहा दिवसांनी बिल होतं. त्यातून पशुखाद्याची उधारी आणि ॲडव्हान्सचा हप्ता कापून उरलेली रक्कम सभासदाच्या बँक खात्यात जाते. वर्षाचा सरासरी खरेदी दर लिटरला 44 रुपये पडला. संस्था हे दूध तालुक्याच्या संघाला घालते. संघ दुधाचा दर देतो, वर लिटरमागे 1 रुपया 10 पैसे कमिशन देतो. गावात रोज पंचवीस-तीस लिटर रोखीनं विकलं जातं, त्याला 54 रुपये मिळतात. कमिशन, गावातली विक्री आणि पशुखाद्यावरचा थोडा नफा, यातून सचिव, मापाडी आणि टेस्टर यांचे पगार, वीजबिल, कागद-शाई हे सगळं भागायचं.

दिवाळीला संघाकडून लिटरमागे काही रुपये-पैसे 'दर फरक' म्हणून येतात. त्यात संस्था आपल्या पदरचं घालते आणि सगळं मिळून वाटते. गावात या सगळ्यालाच 'बोनस' म्हणतात. कुणाचे किती, हे कुणी विचारत नाही.

## प्रश्न कसा उभा राहिला

शेजारच्या गावच्या संस्थेनं लिटरला 3 रुपये जाहीर केले होते. इथं आदल्या वर्षी अडीच दिले होते. त्यामुळे यंदा तीनच्या खाली उतरायचं नाही, असं संचालकांच्या बैठकीत जवळजवळ ठरूनच गेलं होतं. सचिवांनी केलेल्या कच्च्या पत्रकात नफा 6,75,000 दिसत होता. तीन रुपयांनी वाटप केलं तर लागणार होते 9,55,500.

'उरलेले पावणेतीन लाख राखीव निधीतून काढू, तिथं आठ लाख चाळीस हजार पडून आहेत,' असं एक संचालक म्हणाले. ते अगदी मनापासून बोलत होते. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला 'राखीव निधी 8,40,000' असं छापलेलं असलं की कुणालाही तसंच वाटतं. मी त्यांना उजवी बाजू वाचायला सांगितली. जिल्हा बँकेतली ठेव 2,10,000. चालू खातं आणि हातातली रोकड मिळून 70,000. बस. राखीव निधीचे पैसे 'पडून' नव्हते, ते केव्हाच दुसरीकडे लागले होते.

## पत्रकं उलगडताना

सगळ्यात आधी नफ्याचा आकडा खरा आहे का ते पाहिलं. 6,75,000 मधले 3,75,000 म्हणजे संघाकडून दिवाळीला यायचा दर फरक होता. सचिवांनी तो अंदाजानं आधीच संस्थेच्या उत्पन्नात धरला होता, आणि ही पद्धत गेली कित्येक वर्षं चालू होती. संघाच्या परिपत्रकात मात्र स्पष्ट लिहिलेलं होतं की ही रक्कम दूध उत्पादकांना वाटण्यासाठी आहे. म्हणजे तो दुधाचाच उशिरा आलेला दर. संस्था मधली पोस्टमन. तो उत्पन्नात धरल्यामुळे दोन गोष्टी होत होत्या. नफा फुगायचा, आणि कायद्यानं निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला न्यावा लागत असल्यानं सभासदांच्या दुधाच्या दरातलेच नव्वदएक हजार दर वर्षी निधीत जाऊन बसायचे. आम्ही ती नोंद उलटवली. संघाचा फरक आला की 'दर फरक देणे' खात्याला जमा करायचा आणि तिथूनच वाटायचा. संस्थेचा स्वतःचा नफा राहिला 3,00,000.

मग ताळेबंद. 31 मार्चला संघाकडून शेवटच्या अकरा दिवसांच्या दुधाचे 4,30,000 येणे होते आणि सभासदांना त्याच दिवसांचे 4,20,000 देणे होते. हे पैसे आले तसे जाणारे, त्यांना हात लावायची सोय नाही. यंत्रं, काटा, संगणक, फर्निचर यांत 3,30,000. सभासदांना दिलेले ॲडव्हान्स 1,60,000. खाद्याचा साठा 90,000. आणि पशुखाद्याची उधारी 5,20,000.

आठ लाख चाळीस हजारांचा मोठा भाग खाद्याच्या पोत्यांच्या रूपानं लोकांच्या गोठ्यात गेला होता. उधारी देणं चूक नाही. बिलातून कापून घेण्याची सोय असल्यामुळे दूध संस्थेइतकी सुरक्षित उधारी गावात दुसरी कुठलीच नसते. पण ती सुरक्षित असते तोवरच, जोवर माणूस दूध घालतो. खतावणीतली नावं एकेक करून संकलनाच्या रजिस्टरशी ताडली, तेव्हा 23 जण असे निघाले की ज्यांची कित्येक महिन्यांत एकही खेप नव्हती. कुणी जनावरं विकली होती, कुणी खासगी डेअरीच्या केंद्रावर जात होतं. त्यांच्याकडे 1,90,000 अडकले होते. बिलच नाही, तर कापणार कशातून? त्यांत दोन नावं माजी संचालकांची होती. लेखापरीक्षकांनी तीन वर्षं हा दोष लिहिला होता आणि तीन वर्षं दोष दुरुस्ती अहवालात एकच उत्तर गेलं होतं, 'वसुली चालू आहे'.

## वाढ कुठून येते

इथवर आलो तेव्हा वाटलं होतं, प्रकरण उधारीचं आहे. पण दुधाचा मेळ घालताना एक आकडा जुळेना. संस्थेनं घेतलं 3,18,500 लिटर. संघाला गेलं 3,13,100 आणि गावात विकलं 9,800, म्हणजे एकूण 3,22,900. घेतलं त्यापेक्षा 4,400 लिटर जास्त विकलं.

याला दूध संस्थांत 'वाढ' म्हणतात आणि ती असणं चांगल्या कारभाराचं लक्षण मानतात. सचिवांनीही अभिमानानंच सांगितलं, 'साहेब, आपल्याकडं कधी घट येत नाही.' ते प्रामाणिक गृहस्थ आहेत, पाणी घालण्याचा प्रश्नच नव्हता. घातलं असतं तर संघाच्या तपासणीत लॅक्टोमीटरची डिग्री घसरली असती, आणि वर्षभराच्या संघाच्या पावत्यांत तसं कुठंच नव्हतं. दुसरी शक्यता किलो आणि लिटरची. संघ कॅनचं वजन घेऊन 1.03 नं भागतो आणि लिटर काढतो. संस्थेच्या काट्यालाही तेच गणित बसवलेलं होतं. तिथूनही वाढ येत नव्हती. नमुन्याचं दूध माप झाल्यावर काढलं जायचं, म्हणजे तेही नाही.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला संकलनाच्या वेळी काट्याशेजारी स्टूल टाकून बसलो.

एक म्हातारी बाई किटली घेऊन आल्या. गावात त्यांना सगळे आक्काच म्हणतात. मापाड्यानं दूध भांड्यात ओतलं. काट्याच्या लाल आकड्यांत दिसलं 1.58. पावती निघाली, तिच्यावर 1.5. आक्कांनी पावती न बघताच कनवटीला खोचली. त्यांच्या मागच्या पोराचं दूध 3.27 भरलं, पावतीवर 3.2. त्याच्या मागं मोटारसायकलला दोन कॅन बांधून आलेले बागायतदार, 14.36, पावतीवर 14.3. संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एक दशांश, खालचा' अशी मांडणी कधीकाळी झाली होती. ती कुणी केली हे आता कुणालाच आठवत नव्हतं, आणि ती बदलता येते हेही माहीत नव्हतं.

त्या सकाळी मी 43 खेपांचे दोन्ही आकडे वहीत लिहिले. पावतीवर न आलेलं दूध 1.97 लिटर झालं. खेपेला साधारण 46 मिली. असंच यायला हवं, कारण सुटणारा आकडा शून्यापासून नव्वद मिलीपर्यंत कुठलाही असू शकतो आणि त्याची सरासरी पंचेचाळीस येते. 1,27,400 खेपांना 45 मिली म्हणजे 5,733 लिटर. त्यातून भांड्यांना लागलेलं, सांडलेलं, नासलेलं तेराशेएक लिटर वजा करा. वाढ बरोबर 4,400 वर येते. 44 रुपयांनी तिची किंमत 1,93,600. संस्थेच्या तीन लाख नफ्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग हा असा काट्यावर आलेला होता.

यात खरी बोचणारी गोष्ट पुढची आहे. खेपेला पंचेचाळीस मिली ही सूट सगळ्यांकडून सारखीच जाते, मग दूध दीड लिटर असो की चौदा. आक्कांच्या वर्षाच्या 700 खेपा आणि 1,050 लिटर. त्यांचं गेलं साडेएकतीस लिटर, म्हणजे 1,386 रुपये. बागायतदारांच्या 720 खेपा आणि 10,080 लिटर, त्यांचं गेलं 1,426 रुपयांचं. दोघांचं नुकसान जवळपास तेवढंच. आक्कांच्या बाबतीत ते दुधाच्या तीन टक्के, बागायतदारांच्या बाबतीत अर्धा टक्काही नाही. आता हा पैसा बोनस म्हणून लिटरवर परत वाटला की आक्कांना एक वाटा आणि बागायतदारांना जवळपास दहा. वर्षानुवर्षं किटलीचं दूध कॅनमध्ये ओतलं जात होतं, आणि ज्या दिवशी ते ओतलं जायचं त्या दिवशी गावात पेढे वाटले जायचे.

फॅटच्या आकड्यातही दुसरा दशांश सुटतो. पण तिथं संघही संस्थेकडून तसंच घेत होता, म्हणून तो प्रश्न आम्ही या वर्षी बाजूला ठेवला.

## समोरचे पर्याय

जुलैत संचालकांची बैठक झाली आणि ती साडेतीन तास चालली.

पहिला पर्याय तीन रुपयांचा. ठेव मोडायची, आणि कमी पडतील ते संघाच्या दहा दिवसांच्या बिलातून तात्पुरते वापरायचे. हे नवीन नव्हतं. आदल्या वर्षी अडीच रुपये देताना दीड लाखाची ठेव मोडली होती आणि दिवाळीच्या बिलाला नऊ दिवस उशीर झाला होता. त्या नऊ दिवसांत काही घरांनी खासगी केंद्र धरलं ते परत आलीच नाहीत. त्यांतले काहीजण आता त्या तेवीस थकबाकीदारांत होते. मी दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या, तेव्हा या पर्यायाची बाजू घेणारे शांत झाले. उशिरा बिल मिळालं म्हणून गेलेला माणूस संस्थेची उधारीही सोबत घेऊन जातो.

दुसरा पर्याय मी मांडला. संघाचा फरक पूर्ण आणि वेगळा वाटायचा. बुडीत वाटणाऱ्या 1,90,000 ची नफ्यातून पूर्ण तरतूद करायची. उरलेल्या 1,10,000 मधून राखीव निधी आणि लाभांश काढून ठेवून बोनसला लिटरमागे जेमतेम वीस-बावीस पैसे राहत होते. हिशेबाला हेच धरून होतं. अध्यक्ष म्हणाले, 'साहेब, वीस पैसे घेऊन मी सभेत उभा राहिलो तर पुढच्या महिन्यात निम्मं दूध समोरच्या केंद्रावर दिसेल.' त्यांची भीती खोटी नव्हती. संस्था हिशेबानं टिकते तशी दुधानंही टिकते.

तिसरा पर्याय एका तरुण संचालक बाईंनी काढला. काट्याचा पैसा खेपेवर आला आहे ना, मग तो खेपेवरच परत करू. हिशेब अगदी सोपा होता. 1,40,000 वाटायचे धरले, तर खेपेमागे 1 रुपया 10 पैसे. आक्कांना लिटरवर 462 मिळाले असते, खेपेवर 770. बागायतदारांचे लिटरवर 4,430 होतात, खेपेवर 792. न्याय म्हणून मला हाच पर्याय सगळ्यात बरोबर वाटला आणि मी तसं बोललो. अडचण उपविधीची होती. त्यात बोनस 'सभासदानं संस्थेला घातलेल्या दुधाच्या प्रमाणात' द्यावा असं होतं. खेपेवर वाटप म्हणजे उपविधीची दुरुस्ती, म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव, मग निबंधकांची मंजुरी. दिवाळीच्या आत ते होणं शक्य नव्हतं. लेखापरीक्षकांनीही तसंच सांगितलं.

## काय ठरलं आणि काय केलं

शेवटी जे ठरलं ते दुसऱ्या पर्यायाजवळ जाणारं होतं, पण पूर्ण तो नव्हता. बुडीत येण्याची तरतूद या वर्षी निम्मी, 95,000, आणि राहिलेली पुढच्या वर्षी. मी पूर्ण तरतुदीचा आग्रह धरला होता, तो मानला गेला नाही. नफा राहिला 2,05,000. त्याची वाटणी सभेपुढं ठेवली ती अशी:

राखीव निधी, चौथा हिस्सा : 51,250
एक लाखाच्या भाग भांडवलावर 10 टक्के लाभांश : 10,000
शिक्षण निधी व किरकोळ : 3,750
दूध बोनस : 1,40,000

लाभांश कायद्याप्रमाणे पंधरा टक्क्यांपर्यंत देता येतो. पण पाचशे रुपयांच्या शेअरवर पाच टक्के जास्त देऊन कुणाला पंचवीस रुपये जास्त मिळाले असते, तो वाद कुणी घातला नाही.

सभा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाली. अध्यक्षांनी एक धाडस केलं, ज्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी काटा सभेत आणून ठेवला. एका बाटलीतलं दूध सगळ्यांसमोर मोजलं, आकडा मोठ्यानं वाचायला लावला आणि पावती हातोहात फिरवली. पाच-सात मिनिटं गोंगाट झाला. 'म्हणजे इतकी वर्षं आमचं दूध...' असं एकजण म्हणाला आणि वाक्य त्यानं पुरं केलं नाही. सचिवांचा चेहरा उतरला होता. अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं की हा पैसा कुणाच्या घरात गेलेला नाही, तो संस्थेच्या नफ्यात आला आणि बोनसमधून वाटला गेला, फक्त ज्याचा होता त्याला त्याच्या मापानं मिळाला नाही. सगळी पत्रकं टेबलावर ठेवली होती. ज्यांना बघायची होती त्यांनी बघितली.

सभेनं तीन ठराव केले. 1 ऑक्टोबरपासून पावतीवर दोन दशांश, म्हणजे दहा मिलीपर्यंतचं माप. संघाचा फरक आणि संस्थेचा बोनस यांच्या स्वतंत्र पावत्या. आणि पशुखाद्याची उधारी मागच्या दहा दिवसांच्या बिलाच्या निम्म्यापेक्षा जास्त द्यायची नाही, संचालक असला तरी.

दिवाळीआधी संघाचे 3,75,000 आले आणि तिसऱ्या दिवशी लिटरला 1 रुपया 18 पैशांनी पूर्ण वाटले गेले. संस्थेचा बोनस 44 पैशांनी. एकूण 1 रुपया 62 पैसे. तीन रुपयांची आशा धरून बसलेल्या गावाला ते कमीच वाटलं. ज्यांच्याकडे खाद्याची उधारी होती आणि ज्यांनी लेखी संमती दिली त्यांचा बोनस उधारीला जमा केला, तो 38,000 झाला. संमतीपत्राशिवाय एकही कपात केली नाही. दूध बिलातून खाद्याची कपात करायची मुभा सभासदानं दिलेली असते. तीच मुभा बोनसला आपोआप लागू होते असं धरून चालणं बरोबर नाही, त्यावरून पुढं तक्रारी होतात.

तेवीस थकबाकीदारांकडे अध्यक्ष, सचिव आणि मी घरोघरी गेलो. दावा लावायचा पर्याय होता, पण पाच-सात हजारांच्या रकमांसाठी सहकार न्यायालयात जाणं खर्चाला परवडणारं नव्हतं. सुरुवात दोन माजी संचालकांपासून केली. त्यातल्या एकानं जागच्या जागी 21,000 चा धनादेश दिला आणि त्यानंतरच्या घरांत आमचं बोलणं सोपं झालं. मार्चअखेर 62,000 वसूल झाले.

## पुढच्या वर्षी काय झालं

काट्याची मांडणी बदलल्यावर पहिल्या दहा दिवसांतच फरक दिसला. आक्कांचं बिल साधारण 35 रुपयांनी वाढलं. वर्षाला ते साडेबाराशेच्या जवळ जातं, म्हणजे त्यांना त्या दिवाळीला मिळालेल्या संस्थेच्या बोनसच्या अडीचपटीहून जास्त. छोट्या घरांच्या बिलांत असंच होत गेलं. बागायतदारांच्या बिलातही पस्तीस रुपयेच वाढले आणि बारा हजारांच्या बिलात ते त्यांच्या लक्षातही आले नाहीत.

संस्थेच्या बाजूनं मात्र जड गेलं. वाढ संपली. उलट सांडलवंड तेवढीच राहिल्यामुळे थोडी घट दिसायला लागली. पूर्ण वर्षाचा हिशेब धरला तर नफ्यातून सव्वादोन लाखांहून जास्त रक्कम बाजूला होते. हे आम्हाला आधी माहीत होतं, पण सभेत मी ते पुरेशा ठळकपणे मांडलं नाही. काट्याचा विषय इतका तापला होता की 'मग पगार कशातून भागवायचे' हा प्रश्न मागं पडला. गावातली विक्री लिटरला दोन रुपयांनी महाग केली, त्यातून वीसेक हजार आले. ऑक्टोबर ते सप्टेंबर असे बारा महिने मांडून पाहिले तर संस्थेचा स्वतःचा नफा 92,000 च्या आसपास येतो. त्यातून बुडीत येण्याची राहिलेली तरतूद 33,000. ती 95,000 करावी लागली नाही, कारण दरम्यान वसुली झाली होती. उरलेल्यातून राखीव निधीचा चौथा हिस्सा आणि लाभांश बाजूला काढल्यावर वाटायला लिटरमागे दहा पैशांएवढीच रक्कम राहते. ती न वाटता इमारत निधीला न्यावी, असं संचालकांनी सुचवलं.

ज्यांना लिटरवर मोठा बोनस मिळायचा त्या पाच-सहा घरांनी नाराजी उघड दाखवली. एका घरानं निम्मं दूध खासगी केंद्राला सुरू केलं, ते अजून परत आलेलं नाही. उलट एकेक जनावर असलेली अकरा घरं नव्यानं आली. लिटरमध्ये बघितलं तर गेलेलं आणि आलेलं जवळपास सारखंच.

पशुखाद्याची उधारी 5,20,000 वरून 3,85,000 वर आली. जिल्हा बँकेत 'राखीव निधी ठेव' या नावानं वेगळी ठेव उघडली आणि तीन-तीन महिन्यांनी पंचवीस हजार टाकत गेलो. ठेवी 3,10,000 झाल्या. ताळेबंदातला राखीव निधी आता 8,91,250 आहे. म्हणजे अजूनही निम्म्याहून जास्त निधीमागं बँकेतला पैसा नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

बुडीत येण्याची तरतूद निम्मी ठेवली, ते मला आजही पटत नाही. वसुली चांगली झाली म्हणून निभावलं. माजी संचालकानं तो पहिला धनादेश दिला नसता तर पुढच्या वर्षी 95,000 ची तरतूद 92,000 च्या नफ्यातून करावी लागली असती, आणि पत्रकात तोटा दिसला असता. चव्वेचाळीस पैशांऐवजी वीस पैसे दिले असते तर सभेत अर्धा तास जास्त ऐकून घ्यावं लागलं असतं, एवढंच.

दुसरं, मापाची दुरुस्ती आणि संस्थेच्या खर्चाची सोय हे दोन ठराव एकाच दिवशी व्हायला हवे होते. वाढ ही प्रत्यक्षात सभासदांकडून घेतलेली न लिहिलेली वर्गणी होती. ती बंद करताना तिच्या जागी लिटरमागे तीस-चाळीस पैशांची व्यवस्थापन खर्चाची कपात उघडपणे, पावतीवर छापून, सभेची मान्यता घेऊन ठेवता आली असती. लिटरवर कापली असती म्हणजे चौदा लिटरवाल्यानं चौदा लिटरचा भार उचलला असता. सभेत ऐकायच्या मनःस्थितीत लोक होते, तीच वेळ होती. नंतर तीच गोष्ट मांडायला गेलो तर 'एकीकडनं दिलं, दुसरीकडनं काढलं' असं झालं असतं, म्हणून संचालक तो विषय काढायला तयार नाहीत.

दुधाचा मेळ वर्षातून एकदा घालण्याऐवजी दर दहा दिवसांच्या बिलाबरोबर घालायला हवा होता. घेतलेलं, संघाला गेलेलं, गावात विकलेलं, तीन आकडे एका ओळीत. वाढ हजार लिटरमागे दोन-तीन लिटरच्या वर जायला लागली की काट्याकडे बघायचं. इथं ती चौदाएक लिटर होती आणि दर वर्षी तेवढीच येत होती. लेखापरीक्षणातही तिच्यावर शेरा पडला नव्हता, कारण शेरे घटीवर पडतात.

आधीच्या वर्षांत ज्यांचं दूध असं सुटलं त्यांचं काय, हा प्रश्न सभेत त्या तरुण संचालक बाईंनीच विचारला होता. जुन्या पावत्यांवर काट्याचा पूर्ण आकडा नाही, फक्त खेपा आहेत. खेपेवर बोनस देण्याची उपविधी दुरुस्ती झाली तर दोन-तीन वर्षं तरी त्याच वाटेनं थोडी भरपाई करता येईल, असं त्यांचं म्हणणं आहे. दुरुस्तीचा मसुदा त्यांनी स्वतः लिहिला आहे आणि तो पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला आहे.